सहा पानांत एक माणूस

गावातलं किंवा वस्तीतलं एखादं वडीलधारं माणूस गेलं की तासाभरात फोनवर तेच चित्र फिरू लागतं. काळी किंवा पांढरी पार्श्वभूमी, एका बाजूला तेवती समई, दुसऱ्या बाजूला गुलाबाच्या पाकळ्या, मधे गोल चौकटीत कापलेला चेहरा आणि वर ठळक अक्षरांत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. खाली ‘शोकाकुल’ म्हणून मंडळाचं नाव, अध्यक्षांचं नाव, कधी त्यांचाही फोटो. दुपारपर्यंत हेच चित्र फ्लेक्सवर छापून चौकात लागतं. त्यातला गोल चेहरा बदलला तर तो फ्लेक्स दुसऱ्या कुणासाठीही जसाच्या तसा चालेल.

गेल्या काही वर्षांत तरुण मुलं त्याऐवजी इन्स्टाग्रामवर कॅरोसेल करू लागली आहेत. कॅरोसेल म्हणजे एकाच पोस्टमध्ये एकापाठोपाठ ठेवलेली, बोटानं सरकवत पाहायची चित्रं. इन्स्टाग्रामनं ही सोय २०१७ मध्ये आणली तेव्हा एका पोस्टमध्ये दहा चित्रं बसत. २०२४ पासून वीस बसतात. गणपतीच्या मिरवणुकीचे किंवा ट्रेकचे फोटो टाकायला ती पुष्कळ वापरली जाते. पण एखाद्या माणसाला निरोप देण्यासाठी तिचा चांगला उपयोग होतो, याचं कारण तिच्यात पानं आहेत. एका फ्लेक्सवर सगळं एकदम ओरडून सांगावं लागतं. इथे एका पानावर एकच गोष्ट सांगता येते, आणि पान सरकवायला वाचणाऱ्याला जो क्षण लागतो तेवढा वेळ ती गोष्ट मनात राहते.

अर्थात सोय मिळाली म्हणून काम जमतंच असं नाही. बहुतेक श्रद्धांजलीपर कॅरोसेल म्हणजे जुन्याच फ्लेक्सचे आठ तुकडे असतात. पहिल्या पानावर समई, दुसऱ्यावर ‘थोर समाजसेवक’, तिसऱ्यावर ‘कधीही भरून न येणारी पोकळी’, चौथ्यावर पुरस्कारांची यादी. असं का होतं आणि ते कसं टाळता येतं, हे एका खऱ्या माणसाचं उदाहरण हातात घेतलं की नीट कळतं.

आधी निधनवार्ता वेगळी काढावी

कामाची पहिली पायरी म्हणजे दोन गोष्टींची फारकत. माणूस गेल्यावर लोकांना ताबडतोब जे कळायला हवं ते वेगळं असतं: कोण गेलं, कधी गेलं, अंत्ययात्रा किती वाजता आणि कुठून. त्याला वर्तमानपत्राच्या ‘निधनवार्ता’ सदराचा साचाच योग्य आहे. ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे’ हे वाक्य कंटाळवाणं वाटेल, पण ओळख पटवण्याचं त्याचं काम ते चोख करतं. ही वार्ता साध्या मजकुरात, व्हॉट्सॲपवर, घरच्यांच्या संमतीनं लगेच जावी.

कॅरोसेलला ती घाई नाही. तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गेला तरी चालतो, दहाव्याला गेला तरी चालतो. ज्यांनी घाईनं अंत्यविधीची वेळ आणि आठवणी एकाच पोस्टमध्ये कोंबल्या, त्यांची पोस्ट संध्याकाळी निरुपयोगी होते, कारण पहिल्याच पानावर उलटून गेलेली वेळ लिहिलेली असते. शिवाय निधनवार्तेत घराचा पत्ता आणि फोन नंबर द्यावा लागतो. गावाबाहेरच्या, अनोळखी हजारो लोकांपर्यंत जाणाऱ्या पोस्टमध्ये ते दोन्ही असता कामा नयेत.

उदाहरण : मुक्तांगणचे बाबा

डॉ. अनिल अवचट २७ जानेवारी २०२२ रोजी पुण्यात गेले. मराठी वाचकांना ते लेखक म्हणून ठाऊक होते, पण मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राच्या मोठ्या परिवारात ते ‘बाबा’ होते. कॅरोसेलच्या दृष्टीनं ते अवघड माणूस आहेत, कारण त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फार आहे. डॉक्टर, पत्रकार, पस्तीसहून अधिक पुस्तकांचे लेखक, व्यसनमुक्तीचं काम, ओरिगामी, बासरी, लाकडातलं कोरीव काम, चित्रं. हे सगळं एका ओळीत लिहिलं की ‘अष्टपैलू व्यक्तिमत्त्व’ हा शब्द आपोआप येऊन बसतो आणि माणूस त्याच्यामागे दिसेनासा होतो.

म्हणून आधी कागदावर खात्रीच्या गोष्टी उतरवायच्या. जन्म २६ ऑगस्ट १९४४, ओतूर, जुन्नर तालुका. शिक्षण पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात. बिहारमधल्या अनुभवांवरचं पहिलं पुस्तक ‘पूर्णिया’, १९६९. हमाल, तंबाखू कामगार अशा माणसांवर केलेलं लेखन. गर्दच्या व्यसनावरची लेखमाला. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी पुढे केलेला मदतीचा हात आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झालेलं मुक्तांगण. पत्नी डॉ. अनिता अवचट, ज्यांना ते सुनंदा म्हणत. त्या येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या, मुक्तांगणच्या कामाचा कणा होत्या आणि १९९७ मध्ये कर्करोगानं गेल्या. ‘सृष्टीत... गोष्टीत’ या पुस्तकाला साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार, २०१०.

या यादीवर एकच कसोटी लावायची: नाव झाकलं तर हा माणूस ओळखू येतो का? ‘साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला’ यावरून येत नाही. तो पुष्कळांना मिळतो. ‘समाजासाठी झटले’ यावरून तर मुळीच नाही. पण ‘गर्दवर लेखमाला लिहिली आणि त्यातून व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं’ असं म्हटलं की महाराष्ट्रात एकच नाव डोळ्यांपुढे येतं. ‘बोलता बोलता हातातल्या कागदाच्या घड्या घालणारे’ हेही त्यांचंच. कसोटीत उतरलेल्या गोष्टी पानांवर घ्यायच्या. बाकीच्या, त्या कितीही मानाच्या असल्या तरी, चित्रांखालच्या मजकुरात जातील किंवा राहूनही जातील.

आता पानं. सहा पुरतात. वीस चित्रं टाकता येतात म्हणून वीस टाकण्यात अर्थ नाही. सातव्या-आठव्या पानानंतर सरकवणारं बोट वाचायचं थांबलेलं असतं.

पहिल्या पानावर फोटो आणि तीन ओळी:

‘डॉ. अनिल अवचट
२६ ऑगस्ट १९४४ – २७ जानेवारी २०२२
मुक्तांगणचे बाबा’

इथे समई नको आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ही नको. नाव आणि दोन तारखा पाहिल्या की वाचणाऱ्याला काय झालं ते कळतं. तिसरी ओळ मात्र महत्त्वाची, कारण ज्या समाजानं त्यांना आपलं मानलं तो कोणत्या नावानं हाक मारायचा ते तिच्यात आहे. प्रत्येक गावात हे नाव वेगळं असतं: आबा, अण्णा, मावशी, मास्तर, वैनी, हाजीसाहेब, बाई. आधार कार्डावरच्या नावाखाली ते आलं नाही तर निम्म्या गावाला गेलेलं माणूस ओळखू येत नाही.

दुसऱ्या पानावर सगळ्यात मोठी गोष्ट:

‘गर्दच्या विळख्यात सापडलेल्या मुलांवर त्यांनी लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई मदतीला आले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झालं.’

तीन वाक्यं आणि त्यांत एकही विशेषण नाही. कच्च्या मसुद्यात बहुधा ‘व्यसनमुक्ती क्षेत्रातील भरीव योगदान’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ‘भरीव योगदान’ काढून त्याजागी काय घडलं ते लिहिलं की वाक्य लांबतं, पण जड होत नाही.

तिसरं पान अनिताताईंचं. पुष्कळ जण इथे अडखळतात. श्रद्धांजली बाबांची, मग पत्नीला एक आख्खं पान कशाला? पण मुक्तांगण दोघांनी उभं केलं आणि रोजच्या उपचारांचा भार त्यांनी वाहिला, हे अवचटांनी स्वतः पुन्हा पुन्हा लिहिलं आहे. ते वगळून त्यांच्याबद्दल लिहिलं तर ते खोटं होईल. म्हणून:

‘हे काम दोघांचं. डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण घडवलं. १९९७ मध्ये त्या गेल्या. बाबांनी पुढे जे लिहिलं, त्यात त्या सतत येत राहिल्या.’

चौथ्या पानावर लेखक. इथे पुस्तकांची यादी द्यायचा मोह होतो. यादीऐवजी एक दिशा दाखवावी: ‘डॉक्टर झाले, पण वही घेऊन हमालांकडे, तंबाखू कामगारांकडे गेले. ते कसं जगतात ते विचारलं आणि तसंच लिहिलं. पहिलं पुस्तक पूर्णिया, १९६९.’ हे वाचून ज्याला उत्सुकता वाटेल तो पुस्तक शोधेल. चाळीस नावं वाचून कुणी शोधत नाही.

पाचव्या पानावर जवळजवळ शब्द नकोतच. घडी घातलेला कागद धरलेले हात, जवळून टिपलेले, आणि खाली एक ओळ: ‘ओरिगामी, बासरी, लाकूडकाम. शेवटपर्यंत हात रिकामे नव्हते.’ यातल्या ‘शेवटपर्यंत’ या शब्दाला मात्र जाणत्या संपादकानं लाल रेघ मारावी. अखेरच्या आजारपणात ते काय करू शकत होते, हे घरच्यांना विचारल्याशिवाय तो लिहिता येणार नाही. श्रद्धांजलीत अशा छोट्या, गोड वाटणाऱ्या थापा सहज शिरतात. ‘अखेरच्या श्वासापर्यंत कार्यरत’ हा त्यांतला सर्वांत लाडका प्रकार. माणूस दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला असतो आणि घरातलं कुणीतरी ते वाक्य वाचून गप्प बसतं. म्हणून ओळ अशी होते: ‘ओरिगामी, बासरी, लाकूडकाम. गप्पा मारतानाही हात चालू असायचे.’

सहाव्या पानावर समारोपाचं सुंदर वाक्य लिहायची गरज नाही. ‘मुक्तांगण, येरवडा, पुणे. काम चालू आहे.’ एवढं बस. ज्याच्या घरात व्यसनाचा प्रश्न आहे त्याच्यासाठी ही ओळ उपयोगाची माहितीही आहे.

या सहा पानांत मिळून साधारण नव्वद शब्द आहेत. एका पानाला सरासरी पंधरा, जास्तीत जास्त पंचवीस. मोठ्यानं वाचायला मिनिटभरही लागत नाही.

फोटोची गोष्ट

नामवंत माणसांचे फोटो मिळतात. पण ते ज्यानं काढले त्या छायाचित्रकाराची परवानगी आणि नाव हवं; इंटरनेटवरून उचललेला फोटो श्रद्धांजलीसाठी वापरला म्हणून त्याचा मालक बदलत नाही. मुक्तांगणसारख्या ठिकाणी आणखी एक दक्षता लागते. तिथे उपचार घेणाऱ्यांना रुग्णमित्र म्हणतात. बाबांबरोबर बसलेल्या गटाचा एखादा फोटो कितीही बोलका असला, तरी त्यात रुग्णमित्रांचे चेहरे ओळखू येत असतील तर तो वापरता येणार नाही. त्या माणसांनी उपचार घेतले हे सगळ्या जगाला सांगण्याचा हक्क पोस्ट करणाऱ्याला नाही.

वस्तीतल्या साध्या माणसाचा प्रश्न निराळा असतो. एकच फोटो असतो, तोही भिंतीवरच्या चौकटीत, काचेआड, हार घातलेला. लोक मोबाइलनं त्याचाच फोटो काढतात आणि काचेत ट्यूबलाइट आणि फोटो काढणाऱ्याचा हात दोन्ही दिसतात. चौकटीच्या मागच्या चुका काढून फोटो बाहेर घ्यावा, दिवसा खिडकीजवळ पण थेट उन्हात नव्हे असा टेबलावर सपाट ठेवावा, मोबाइल बरोबर त्याच्या वर समांतर धरावा आणि फ्लॅश बंद ठेवावा. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नये, नाहीतर चेहऱ्यावरचा रंग काचेला लागून निघतो. तसं असेल तर काचेसकट, उजेड एका बाजूनं येईल असं बसून, काळं कापड अंगावर घेऊन फोटो काढला की प्रतिबिंब जवळजवळ जातं.

नंतर तो डिझाइन करणाऱ्याकडे पाठवताना व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. चित्र म्हणून पाठवला की ॲप तो दाबून लहान करतं आणि डोळ्यांच्या कडा पुसट होतात. जुना फोटो ‘नवा’ करून देणाऱ्या ॲपपासूनही जपून राहावं. ती ॲप कमी तपशिलाचा चेहरा स्वतःच्या अंदाजानं भरतात. फोटो स्वच्छ दिसतो खरा, पण घरची माणसं तो पाहून म्हणतात, ‘हे आमचे अण्णा नाहीत.’ सुरकुत्या, चष्म्याची तुटकी काडी, डोक्यावरची मळकी टोपी या खुणांनीच माणूस ओळखला जातो. त्या तशाच ठेवाव्यात. रुग्णालयातले आणि पार्थिवाचे फोटो मात्र कधीच नकोत, घरच्यांनी दिले तरी.

आठवण कशी मागावी

अवचटांबद्दल पुस्तकांत सापडतं. गावातल्या गुरुजींबद्दल कुठेच लिहिलेलं नसतं, ते विचारावं लागतं. आणि ‘गुरुजी कसे होते?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘फार चांगले होते, मनमिळाऊ होते.’ यात उत्तर देणाऱ्याचा दोष नाही, प्रश्नाचा आहे. त्याऐवजी असं विचारावं: शर्टाच्या खिशात काय असायचं? सकाळी घराबाहेर पडल्यावर पहिलं कुठे जायचे? कशावर चिडायचे? त्यांच्याकडे काय मागायला लोक येत? घरातल्यांना न सांगता काय करायचे?

समजा, एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या निवृत्त गुरुजींबद्दल पहिला मसुदा असा आला: ‘गुरुजी अत्यंत शिस्तप्रिय व विद्यार्थिप्रिय शिक्षक होते. त्यांनी अनेक पिढ्या घडवल्या.’ नाव झाकलं तर हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही शिक्षकाला लागू पडतं. वरचे प्रश्न विचारल्यावर कुणाला आठवतं की गुरुजी प्रत्येक मुलाच्या पाटीच्या लाकडी चौकटीवर खिळ्यानं त्याचं नाव कोरून द्यायचे, म्हणजे पाटी हरवायची नाही. कुणाला आठवतं की पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की ते अलीकडच्या काठावर उभे राहून मुलं मोजायचे. मग पान होतं: ‘ओढ्याला पाणी आलं की गुरुजी काठावर उभे असायचे. शेवटचं मूल पार झालं की छत्री मिटून शाळेत यायचे.’ शिस्त, प्रेम, जबाबदारी यांतला एकही शब्द न वापरता ते सगळं त्यात आलं.

एकाच माणसाकडून ऐकलेली आठवण दुसऱ्या एकाला सांगून पाहावी. गावात आठवणी एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर सरकत असतात. ओढ्याकाठी उभे राहणारे कदाचित आधीचे गुरुजी असतील. दोघांनी होकार दिला की ती पानावर जावी.

शब्द आणि तारखा

गेल्याचं कोणत्या शब्दांत सांगायचं हा निर्णय कुटुंबाचा. वारकरी घरात वैकुंठवासी, कुठे कैलासवासी, मुसलमान घरात पैगंबरवासी, ख्रिस्ती घरात ख्रिस्तवासी असं लिहिण्याची रीत आहे. बौद्ध घरात दशक्रियेऐवजी जलदान विधी आणि पुण्यानुमोदन असतं. जो माणूस आयुष्यभर कर्मकांडाविरुद्ध बोलला त्याच्या नावामागे ‘कै.’ लावणं म्हणजे त्याच्या मागे त्याला खोटं पाडणं. काहीच ठरत नसेल तर ‘निधन’ हा शब्द सगळ्यांना चालतो.

वयाची चूक सर्वांत जास्त होते. अवचटांचंच पाहा. २०२२ मधून १९४४ वजा केले की ७८ येतात, पण वाढदिवस ऑगस्टमधला आणि निधन जानेवारीतलं. म्हणजे वय ७७ पूर्ण, ७८वं चालू. ‘वयाच्या ७८व्या वर्षी’ हे बरोबर आणि ‘वय ७८’ हे चूक. जुन्या पिढीत आणखी एक गुंता असतो: शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावून दिलेली १ जूनची जन्मतारीख. घरच्यांना खरी तारीख तिथीवरून माहीत असते, कागदावर १ जून असते. अशा वेळी तारखेऐवजी नुसतं वर्ष लिहावं; वर्षही वादात असेल तर जन्माचा उल्लेख सोडावा. चुकीच्या तारखेपेक्षा तो बरा.

पडद्यावरची मराठी

तांत्रिक बाजू थोडीच आहे, पण तिथेच मराठी पोस्ट सर्वाधिक फसतात. चित्राचा आकार १०८० बाय १३५० पिक्सेल ठेवावा. फोनवर उभं, मोठं दिसतं. सगळी पानं एकाच आकाराची हवीत, कारण पहिल्या पानाच्या प्रमाणातच पुढची पानं कापली जातात आणि कुणाच्या तरी कपाळावरून कात्री फिरते. प्रोफाइलवरच्या छोट्या चौकोनात या आकाराच्या दोन्ही कडा थोड्या झाकल्या जातात. म्हणून चारी बाजूंनी शंभर पिक्सेलची जागा मोकळी सोडली की नाव अर्धवट दिसत नाही.

अक्षरं ४८ पिक्सेलच्या खाली नसावीत. फोनच्या सात सेंटिमीटर रुंद पडद्यावर ती साधारण तीन मिलिमीटरची दिसतात, आणि ही पोस्ट वाचणारे पुष्कळ जण गेलेल्या माणसाच्याच वयाचे असतात. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा आणि खाली उकार लागतो, म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर द्यावं लागतं. अक्षराच्या दीडपट अंतर दिलं की ‘पूर्णिया’चा खालचा ऊकार पुढच्या ओळीच्या रफाराला धडकत नाही. मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी यांसारखे युनिकोड फाँट फुकट मिळतात. तिरोच्या मराठी आवृत्तीत ल आणि श यांची आपल्या सवयीची मराठी वळणं आहेत.

जुन्या डीटीपी फाँटमधला मजकूर नव्या ॲपमध्ये चिकटवला की अक्षरांचा चिखल होतो, तेव्हा तो पुन्हा टाइप करणंच बरं. फोटोशॉपमध्ये काम करत असाल आणि ‘श्रद्धांजली’तली जोडाक्षरं सुटी पडत असतील किंवा ‘निधन’मधली वेलांटी अक्षराच्या मागे जात असेल, तर मजकुरासाठी World-Ready Layout हा पर्याय निवडलेला नाही. तयार चित्र एकदा ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्ह’ यांसाठी खास तपासावं. ‘दुसऱ्या’ चं ‘दुसर्या’ झालेलं असतं आणि ते घाईत कुणाच्या लक्षात येत नाही.

ही तपासणी आधीच का करायची, तर इन्स्टाग्रामवर पोस्ट गेल्यावर खालचा मजकूर बदलता येतो, चित्र बदलता येत नाही. चुकलेलं पान काढून टाकता येतं, पण त्याच्या जागी दुरुस्त पान घालता येत नाही. आडनाव चुकलं असेल तर आख्खी पोस्ट काढून पुन्हा टाकावी लागते, आणि तोवर तिचे स्क्रीनशॉट नातेवाइकांच्या गटांत पोचलेले असतात. म्हणून सहाही पानं आधी घरातल्या एका माणसाला आणि घराबाहेरच्या एका समवयस्काला दाखवावीत. पाहून नव्हे, मोठ्यानं वाचून घ्यावीत. जिथे वाचणाऱ्याचा आवाज अडखळतो तिथे बहुतेक वेळा वाक्य फार लांब असतं किंवा खरं नसतं.

प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर जोडण्याची सोय आहे, म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांच्या फोनवर तो वाचून दाखवला जातो. पानावरचे शब्द जसेच्या तसे तिथे लिहावेत आणि फोटोत काय आहे ते एका वाक्यात सांगावं. चित्रांखालच्या मजकुरात फोटो कुणाचे, आठवणी कुणी सांगितल्या आणि शोकसभा असेल तर कधी, एवढं यावं. मंडळाचं नाव इथे, शेवटी, साध्या अक्षरांत.

राहिला प्रश्न त्यांचा, जे इन्स्टाग्राम वापरतच नाहीत. गेलेल्या माणसाबरोबर शाळेत गेलेले, एकाच गिरणीत काम केलेले, एकाच भजनी मंडळात टाळ धरलेले लोक बहुधा याच वर्गातले. त्यांच्यासाठी तीच सहा चित्रं क्रमानं व्हॉट्सॲपवर पाठवता येतात. ए-फोर कागदावर छापायची असतील तर जवळच्या झेरॉक्सच्या दुकानात तीही सहज छापून मिळतात. १०८० बाय १३५० चं चित्र त्या आकारात वाचण्याइतकं स्पष्ट येतं. कडांना थोडा पांढरा भाग राहतो, एवढंच. ते सहा कागद शोकसभेच्या दिवशी सभागृहाच्या दाराशी, उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर, डावीकडून उजवीकडे ओळीनं लावावेत. मूळ फाइल आणि फोटो कुटुंबाला पेनड्राइव्हवर द्यावेत, म्हणजे वर्षश्राद्धाला किंवा पहिल्या स्मृतिदिनाला कुणी पुन्हा समई आणि गुलाबाचं चित्र शोधत बसणार नाही.